चार दारं आणि तेवीस फूट पुस्तकं

उसाच्या गाडीत मागं माल जास्त झाला की जू वर उठतं आणि बैलांचे गळे आवळले जातात.

साखर कारखान्याचं भिंतीवरचं कॅलेंडर एकाच बाजूला छापलेलं असतं. पाठ कोरी.

दातांच्या डॉक्टरला फट बघवत नाही.

डोळे बारीक केले की अक्षरं जातात, वजनं उरतात.

नागाळा पार्कातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात, सात फूट उंचीची चार दारं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभी आहेत.

जोतीराम सुताराला रविवारपासून वारणानगरचं काम धरायचं आहे.

खालचा कप्पा

अपूर्वा मगदूम जयसिंगपूरची. घरं सजवायचं शिकली, दोन वर्षं राजारामपुरीत एका मोठ्या सजावटकाराच्या हाताखाली राबली, आणि गेल्या महिन्यात तिथून बाहेर पडली. हे तिचं स्वतःचं पहिलं काम. काम म्हणजे सगळं घर नव्हे. एक भिंत. भिंतीवर आठ फूट रुंद, सात फूट उंच असा पुस्तकांचा रॅक. पाच आडव्या ओळी, चार उभ्या रांगा, वीस कप्पे. रॅक जोतीरामनं केलेला आणि केलेलाही झकास. कोपऱ्याला काटकोन्या लावून बघितला तर केस जाणार नाही.

घर डॉक्टर संयोगिता घाटगे यांचं. दवाखाना शाहूपुरीत, दातांचा. नवरा विजयसिंह पुण्यात नोकरीला, शनिवारी रात्री येणार, रविवारी परत जाणार. आणि सासरे आण्णा. आण्णा कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. गेटातून आत येणारी उसाची प्रत्येक गाडी त्यांच्या डोळ्याखालून जायची. रॅक त्यांच्या पुस्तकांसाठी केलेला. निदान करताना तरी.

गावाकडच्या घरातनं पुस्तकं आली तेव्हा संयोगितानं कपाळाला हात लावला. तीनशे चाळीस पुस्तकं आणि वर दिवाळी अंकांचे गठ्ठे. सगळी कागदी कव्हरं घातलेली, पिवळट, पांढरट, कुठं निळ्या शाईचं नाव, कुठं काळ्या. तिनं ती रॅकमध्ये लावली, दोन दिवस बघितली आणि जोतीरामला बोलावून दारांचं माप दिलं.

"मी दिवसभर लोकांच्या तोंडातला पसारा बघते," ती अपूर्वाला पहिल्याच दिवशी म्हणाली. "घरी आल्यावर परत पसाराच बघायचा का? दारं लावली की विषय संपला. विजयसिंह म्हणतात, एकदा कुणाला तरी दाखव, म्हणून तुला बोलावलं. शनिवारी चारला जोतीराम दारं बसवणार. त्याच्या आत मला बघवेल असं काहीतरी करून दाखव. नाही जमलं तर दारं."

"आणि आण्णा काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? त्यांना आता वाचता येत नाही."

आण्णा रॅकसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग आलेला. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेचे कान दिसतात. ते हसले.

"वाचाय न्हाय जमत, पोरी. बघाय जमतंय की."

तेवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी मंगळवारी गडहिंग्लजला बहिणीकडे निघून गेले. शुक्रवारी येतो म्हणाले.

पण अपूर्वाला कळायचं ते कळलं. रॅकला दारं लागली की त्या खुर्चीसमोर उरणार नुसतं सपाट लाकूड. आण्णा बसणार आणि लाकडाकडे बघणार.

मधला कप्पा, डावीकडचा

बुधवारी तिनं शिकलेलं सगळं लावलं.

पहिलं काम, पुस्तकं बाहेर काढून जमिनीवर एका रेषेत उभी करणं आणि टेप लावणं. किती फूट पुस्तकं आहेत हे कळल्याशिवाय रॅक लावता येत नाही. दिवाळी अंक सोडून तेवीस फूट भरली. रॅकची जागा चाळीस फूट. म्हणजे जागेला तोटा नव्हता. तरी पसारा दिसत होता. का? तिनं कारणं बोटांवर मोजली. पुस्तकं भिंतीला टेकवून मागं ढकललेली, कप्पा चौदा इंच खोल, म्हणून पुढं सावलीची गुहा. कप्पा सोळा इंच उंच, पुस्तक साडेआठ, म्हणून प्रत्येक ओळीवर तेवढीच रिकामी पट्टी. एकही आडवी चळत नाही. आणि कव्हरं.

कव्हरं तिला बघवेनात. कुठल्यातरी जुन्या कागदाची, चिकटपट्टी नाही, खळ नाही, नुसती घडी घालून बसवलेली. शाळेतल्या पोरांसारखी. आत बघितलं तर कॅलेंडरचं पान. 'रद्दी,' ती म्हणाली. आतले खरे रंग बाहेर काढू आणि रंगानं लावू. इंद्रधनुष्यासारखं. फोटोत किती छान दिसतं ते.

मग तिनं कव्हरं काढली. तीनशे चाळीस. न फाडता निघाली, एवढं मात्र तिच्या लक्षात आलं. घडी इतकी नेमकी होती की ओढल्यावर कव्हर पुस्तकातून हातमोज्यासारखं सुटायचं. तिनं ती एका पोत्यात भरली आणि पोतं गॅलरीत ठेवलं. खाली उतरताना रद्दीवाल्याकडे टाकायचं ठरवलं आणि विसरली. काही वेळा विसराळूपणा माणसावर उपकार करतो.

आतले रंग बाहेर आले आणि इंद्रधनुष्य तिथंच मोडलं.

पुस्तकाचा कणा लाल, त्यावर पिवळी अक्षरं, खाली हिरवी पट्टी. हे पुस्तक लालात ठेवायचं की हिरव्यात? दुसऱ्याचा कणा अर्धा निळा, अर्धा फोटो. तिसऱ्याच्या कण्यावर लेखकाचा आख्खा चेहरा. रांगेत लावायला जावं तर प्रत्येकजण शेजाऱ्याशी भांडतोय. गुरुवारी तिनं दोनदा काढून दोनदा लावली. पितळी हत्ती ठेवला. पांढऱ्या फुलदाण्या ठेवल्या. प्लॅस्टिकची वेल सोडली. जाडजूड चकचकीत पुस्तकं वरच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात रचली, तिथं रंग बरा जुळत होता म्हणून.

संध्याकाळी संयोगिता दवाखान्यातून आली, पर्स न ठेवता उभी राहिली.

"हे काय केलंस? आधी नुसता पसारा होता. आता जत्रेतलं दुकान झालंय."

अपूर्वा मागं सरकली. डोळे बारीक करून बघितलं तर रॅक नव्हताच, नुसती चिवचिव होती.

मधला कप्पा, उजवीकडचा

शुक्रवारी दुपारी आण्णा आले. गडहिंग्लजच्या एसटीतून उतरून रिक्षानं. पायातल्या चपला काढल्या, खुर्चीवर हात टेकून बसले, आणि समोर बघत राहिले.

"पुस्तकं कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

तीनशे चाळीस पुस्तकं त्यांच्यासमोर सहा फुटांवर होती.

"आण्णा, ही काय की समोर," अपूर्वा म्हणाली.

"ही? ही माझी न्हवं. ही कुणा पावण्याची म्हणायची."

अपूर्वाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती गॅलरीत गेली, पोतं ओढत आणलं आणि त्यांच्या पायाशी ठेवलं.

"मी कव्हरं काढली. मला वाटलं नुसती जुनी..."

"रद्दी?"

तिनं मान हलवली.

आण्णांनी पोत्यात हात घातला. एक कव्हर काढलं. डोळ्याजवळ नेलं नाही. अंगठ्यानं कडेची घडी चाचपली, मग कागद उजेडाकडे धरून मान जरा वाकडी केली, कारण त्यांना कडेनंच दिसायचं.

"हे ऐंशीच्या आसपासचं. पिवळं बघ किती झालंय. लोण्यागत. आता उलटं कर. आत तारखा हायत का?"

"आहेत. मार्च."

"एका तारखेला गोल असंल."

गोल होता. एकोणीस तारखेला, निळ्या शाईचा.

"त्या दिवशी घेतलंय पुस्तक. कारखान्यातनं दरसालचं कॅलेंडर मिळायचं. महिन्याला एक पुस्तक घ्यायचं आणि महिना संपला की ते पान फाडून त्याच पुस्तकाला घालायचं. नवीन महिन्याच्या एक तारखेला सकाळी. पान मोकळं झाल्याबिगर पुस्तकाला कापड न्हाय. अठ्ठावीस साल आन चार महिने. एक महिना न्हाय चुकला. दोनदा चुकणार हुता, पण म्या पुस्तकासाठी निपाणीला जाऊन आलतो."

अपूर्वानं मनातल्या मनात गणित केलं. अठ्ठावीस बारा तीनशे छत्तीस. आणि चार. तीनशे चाळीस.

तिनं आणखी कव्हरं काढली. खाली ठेवत गेली. ऐंशीच्या दशकातली गडद, गुळाच्या पाकासारखी. नव्वदची ताकासारखी. अलीकडची अजून पांढरी. जमिनीवर आपोआप एक पट्टा तयार झाला, एका टोकाला गडद, दुसऱ्या टोकाला उजळ, मध्ये कुठंही उडी नाही. एवढा सावकाश उतार कुठल्या रंगाच्या डब्यातून काढता आला नसता. त्याला अठ्ठावीस वर्षं ऊन आणि हवाच लागते.

ती बघत राहिली. दोन दिवस ती ज्या रंगासाठी धडपडत होती तो तिनंच पोत्यात कोंबून ठेवला होता.

"आण्णा, परत घालायची. आजच."

"घालू की. नावं आन सालं हायत त्यांच्यावर, चुकायची न्हाईत. पण आधी ती गाडी नीट कर," आण्णांनी रॅककडे बोट केलं.

"गाडी?"

"उलाळ झालीया. उजवीकडं वर सगळं वजन टाकलंस. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ हुत्या, बैल टांगला जातोय. पुढं जास्त झाला की धुरजड, बैलाची मान मोडत्या. भरणाऱ्यानं दोन्ही संभाळायचं. जड मोळ्या खाली, चाकाच्या आसावर, आन मग वर हलक्या. काट्यावर गाडी यायच्या आधी मला लांबनं कळायचं, कुणी भरलीया ती."

"पण आण्णा, तुम्हाला तर दिसत..."

"नावं न्हाय दिसत. जड-हलकं दिसतंय. तेवढंच ऱ्हायलंय."

अपूर्वाला शिकवणारे सांगायचे, डोळे बारीक करा, रंग-अक्षरं जाऊ द्या, काळं-पांढरं वजन तेवढं बघा. जमत नसेल तर फोनवर रंग काढून फोटो घ्या. तिनं घेतला. रंग नसलेल्या फोटोत वरचा उजवा कोपरा काळाठिक्कर होता आणि खाली डावीकडं सगळं विरळ. आण्णांनी खुर्चीत बसून जे सांगितलं तेच. तिला डोळे बारीक करावे लागत होते, फोन लागत होता. यांना काहीच लागत नव्हतं.

"आण्णा, तुम्ही इथंच बसा," ती म्हणाली. "मी ठेवते, तुम्ही सांगा."

"मी जातोय कुठं?"

वरून दुसरा, उजवीकडचा

रिकामा.

वरून तिसरी ओळ, सलग

शुक्रवारची संध्याकाळ रॅक रिकामा करण्यातच गेली. शनिवारी सकाळी जोतीराम आला. कोडोलीचा माणूस, आवाज असा की दोन मजले खाली ऐकू जावा. हातात ड्रिल, बिजागऱ्यांचा डबा, आणि हॉलमध्ये पुस्तकांचा ढीग बघून तो दारातच थांबला.

"आयला! हे काय, परीक्षा हाय काय आज?"

"बस जोतीराम. कव्हर घालायचं," आण्णा म्हणाले.

"मी सुतार हाय आण्णा, मास्तर न्हवं."

"घडी बसलेलीच हाय. पुस्तक नुसतं सरकवायचं. येतंय का बघ."

जोतीराम बसला. पहिलं कव्हर त्यानं उलटं घातलं. दुसरं बरोबर. तिसरं घालताना घडीवरून बोट फिरवून म्हणाला, "कोपरा बघा मॅडम. आमची खोबणसुद्धा एवढी नेमकी बसत न्हाई. कुणी शिकवलं आण्णा?"

"काट्यावर दोन गाड्यांच्या मधी वेळ असतोय."

पोतं रिकामं करून जोड्या लावल्या तेव्हा अकरा पुस्तकं उघडी राहिली. कव्हरं नव्हती. अपूर्वानं गॅलरी शोधली, सोफ्याखाली शोधलं. जोतीराम टाळू खाजवत होता.

"मॅडम... परवा दारांना पॉलिश मारताना खाली कायतरी अंथरायला पायजे हुतं. पोत्यात कागद दिसला."

"तुम्ही माझ्या पोत्यातनं घेतला?"

"मला काय म्हाईत त्यो अठ्ठावीस वर्साचा हाय?"

कागद जिन्यात होते, तपकिरी ठशांनी माखलेले, वाळून कडक झालेले. जोतीरामनं ते आणून आण्णांपुढं धरले, मान खाली. अपूर्वा आण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आण्णांनी कागद हातात घेतले, वास घेतला.

"पॉलिश चांगलं हाय," ते म्हणाले. "ती अकरा उघडी राहू देत. उघडी किती बी भांडू देत, अकराच हायत, बाकीच्यांचं ऐकतील."

आणि तिथं अपूर्वाच्या डोक्यात लख्ख झालं. तीनशे एकोणतीस शांत पुस्तकं आणि अकरा रंगीत. रंग नको होता असं नाही, रंग मोजका हवा होता. लाल इथं एक. मग खाली, दोन रांगा सोडून, दुसरं. मग वर तिसरं. नजर एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायला हवी, शिवणीच्या टाक्यासारखी. दोन रंगीत पुस्तकं शेजारी-शेजारी आली की संपलं.

तिनं लावायला घेतलं. अगदी तळाच्या ओळीत दिवाळी अंक ढकलले, त्यांना कणा नाही, ते उभे राहत नाहीत. त्याच्या वरच्या चार ओळी पुस्तकांना. खाली जुनी, गडद. वर जाईल तशी नवी, उजळ. साल आणि वजन दोन्ही एकाच वाटेनं चाललेली. तळाला रंग भारी असला की डोळ्याला भिंत उभी वाटते, पडेल असं वाटत नाही.

"जोतीरामभाऊ, उरलेल्या प्लायच्या पट्ट्या आहेत? आठ इंच रुंद."

"हायत की. कशाला?"

"पुस्तकांच्या मागं टेकू. भिंतीपासून पुढं आणायची. सगळ्यांचे कणे कडेपासून एक इंच आत, एका ओळीत."

जोतीरामनं पट्ट्या कापून आणल्या. टेकू बसले, कणे पुढे आले, सावलीच्या गुहा गेल्या. मग काही कप्प्यांत पुस्तकं उभी, काहींत आठ-नऊची आडवी चळत, म्हणजे वरची रिकामी पट्टी तुटते. चळत प्रत्येक ओळीत दुसऱ्या ठिकाणी. एका कप्प्यात पुस्तकं डावीकडं, शेजारच्यात उजवीकडं. आणि एक कप्पा पूर्ण रिकामा.

खुर्चीतून आवाज यायचा.

"डावीकडं खाली हलकं."

अपूर्वा एक चळत हलवायची.

"लई झालं. थोडं मागं."

परत.

"आता वरची ओळ बसली. तिसरीत मधी भोक पडलंय."

तिथं काय ठेवावं? हत्ती हलका, पोकळ, दिसतोही पोकळ. फुलदाणी पांढरी, तिला वजनच नाही. गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आण्णांनी काट्यावरचं एक जुनं पाच किलोचं लोखंडी वजन लावून ठेवलं होतं. तिनं ते उचलून आणलं, पुसलं, तिसऱ्या ओळीत उभ्या पुस्तकांच्या टोकाला ठेवलं. दोन मुठींएवढं काळं लोखंड. पलीकडं दोन फूट लांब फिक्या पुस्तकांची रांग. आणि दोन्ही एकमेकांना तोलून धरत होती.

"हां," आण्णा म्हणाले. नुसतं "हां". अपूर्वाला राजारामपुरीतल्या दोन वर्षांत एवढी शाबासकी मिळाली नव्हती.

वरची ओळ

संयोगिता दोनला आली. दवाखान्याचा अर्धा दिवस. जोड्या लावलेल्या असल्या तरी वीसेक पुस्तकांना कव्हरं घालायची अजून बाकी होती. ती आधी उभी राहिली, मग पर्स ठेवून जमिनीवर बसली आणि एक पुस्तक ओढून घेतलं. तिचे हात बारीक कामाचे. घडी मोडू न देता कव्हर सरकवताना तिनं आतलं पान बघितलं.

"हा गोल कसला?"

आण्णांनी सांगितलं.

तिनं आणखी एक बघितलं. मग आणखी एक. एका पानावर ती थांबली.

"आण्णा, ही माझ्या लग्नाची तारीख आहे. त्या दिवशी तुम्ही पुस्तक घेतलं?"

"मांडवात यायच्या आधी. महिना संपाय दोनच दिस ऱ्हायलंतं. तुझ्या बापानं विचारलं, काखेत काय हाय? म्हटलं आहेर हाय."

जोतीराम खदखदून हसला. संयोगितालाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं, कारण चार वाजायला आले होते आणि तिला निवाडा द्यायचा होता.

शेवटचं पुस्तक जागेवर गेलं. अपूर्वा बाजूला झाली.

संयोगिता रॅकसमोर उभी राहिली. पाच पावलं मागं गेली, परत पुढं आली. डॉक्टर एकेक दात तपासतात तसा एकेक कप्पा तपासला. रिकाम्या कप्प्याशी थांबली.

"हे काय? पडलेला दात? फट ठेवायची नाही मला."

"वहिनी, तो मुद्दाम..." अपूर्वा पुढं झाली.

पण संयोगितानं फुलदाणी उचलली आणि तिथं ठेवलीसुद्धा.

"गाडी कलली," खुर्चीतून आवाज आला.

"आण्णा, तुम्हाला फुलदाणी दिसतेय का तरी?"

"न्हाय. गाडी कललेली दिसत्या."

संयोगितानं मागं जाऊन बघितलं. डोळे बारीक केले. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आपसूक केले. मग फुलदाणी काढली आणि त्या जागी चार पुस्तकं आडवी टाकली.

"आता?"

"आता उलाळ."

तिनं पुस्तकं काढून घेतली. कप्पा परत रिकामा झाला आणि शेजारचे तीन कप्पे एकदम सुटसुटीत झाले, कुणी श्वास सोडावा तसे. संयोगिता तशीच उभी राहिली. पाठमोरी होती, चेहरा दिसत नव्हता. अपूर्वाला तिची बोटं तेवढी दिसली. एका पुस्तकाच्या कण्यावर होती, खाली लिहिलेल्या सालावर.

"जोतीराम," ती म्हणाली.

"चार वाजलं वहिनीसाहेब. बिजागऱ्या काढू?"

"त्या दिवाळी अंकांचा तेवढा पसारा दिसतोय. खालच्या ओळीला दारं पाहिजेत. फक्त खालच्या."

"सात फुटाची दारं हायत! खालची ओळ सोळा इंचाची."

"मग काप."

जोतीरामनं तिच्याकडं बघितलं, मग आण्णांकडं, मग जिन्यातल्या दारांकडं. सुताराच्या जिवाला अख्खं दार कापणं म्हणजे काय ते सुतारालाच माहीत. पॉलिश त्यानं तीन हात मारलं होतं.

"एकदा कापलं की परत न्हाई हो जोडत मी. मागनं म्हणशीला, आख्खी लाव."

"नाही म्हणणार. काप म्हटलं ना."

"एका दारात चारी बसतील," तो बडबडत उठला. "उरलेल्या तिनाचं काय करू? घोड्यावर बसू?"

"माळ्याला लाव."

जिन्यात कटर सुरू झाला. सबंध इमारतीला ऐकू गेला. अपूर्वानं आण्णांकडे बघितलं. त्यांनी मान जराशी वाकडी केली होती, रॅक डोळ्यांच्या कडेत यावा म्हणून, आणि हात खुर्चीच्या दांडीवर सैल पडले होते. उसाची शेवटची गाडी काट्यावरून उतरल्यावर बसत असतील तसे.

पाचला खालची चार दारं बसली. गडद, अक्रोडी रंगाची. अपूर्वा दचकलीच. तिनं स्वतः हजार नमुने चाळले असते तरी याहून नेमका रंग सापडला नसता. खाली तो गडद तळ, वर गुळाच्या पाकापासून ताकापर्यंत चढत गेलेली पुस्तकं, मधे अकरा रंगीत टाके, एक लोखंडी गोळा, एक मोकळा कप्पा. डोळा कुठं अडकत नव्हता आणि कुठून निसटतही नव्हता.

"दारांना हा रंग कुणी निवडला?" तिनं विचारलं.

संयोगिता स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली होती. तिनं ऐकलं नसावं. जोतीरामनं ड्रिल पिशवीत घातलं आणि मुकाट्यानं भुसा झाडायला लागला.

"पोरी," आण्णा म्हणाले, "त्या मधल्या ओळीतलं डावीकडनं पाचवं काढ. काळ्या शाईचं नाव हाय. वाचून दाखव जरा."

तिनं काढलं. जागा बरोबर होती. काढल्यावर तिथं बोटभर फट पडली, आणि संयोगिता चहा घेऊन आली तेव्हा त्या फटीकडं बघून काही बोलली नाही.

सोमवारी सकाळी, अपूर्वा पहिल्यांदा यायच्या तासभर आधी, जोतीरामनं दारांसाठी सहा रंगांचे नमुने आण्णांच्या मांडीवर ठेवले होते, आणि आण्णांनी ते उजेडाकडे धरून अक्रोडी निवडला होता.